कथा: पहिली भिक्षा (मुंजीतले तपशील तपासून हवेत)

अनवट_वाट:
कथा छोटी आहे. घर ऋग्वेदी, गुहागरच्या आसपासचे गाव, १९६२चा वैशाख. मला तीन गोष्टी विचारायच्या आहेत. विधींचा क्रम बरोबर आहे का, वस्तू त्या काळाच्या आहेत का, आणि मुख्य म्हणजे सुमती जे करते ते पोथीच्या हिशेबात टिकते का? कथा आवडली-नावडली तेही सांगा, पण ते नंतर.

*पहिली भिक्षा*

मुंजीच्या आदल्या दिवशी नाना ओटीवर यादी वाचत होते आणि कोणी कुठे बसायचे ते माई सांगत होत्या. पुण्याहवाचनाला नाना-माई. देवकाला नाना-माई. मातृभोजनाला माई. घाण्याला पाच सवाष्णी, त्यांची नावे. केशवच्या आईचे, सुमतीचे, नाव सगळ्यात शेवटी आले.

"तू कोठी सांभाळ. माजघरात सासूबाईंपाशी बैस. दार अर्धं लोटून ठेव, म्हणजे तुला सगळं ऐकू येईल."

माईंच्या बोलण्यात दुष्टावा नव्हता. या घरात असेच चालत आले होते. लाल आलवणातल्या सासूबाईंनी स्वतःच्या धाकट्या मुलाची, म्हणजे सुमतीच्या नवऱ्याची मुंज याच दाराआडून ऐकली होती.

संध्याकाळी गुरुजी साहित्य बघायला आले. समिधा, पळसाचा दंड, मेखला, लंगोटी, तूप असे एकेक करत सुमतीने सगळे पुढे मांडले. यादीच्या तळाशी लिहिले होते, 'चरूस तांदूळ पावशेर'.

"हे कशाला, गुरुजी?"

"दिवस मावळल्यावर अनुप्रवचनीय होम असतो. त्याचा चरू, आहुतीचा भात."

"बटू भिक्षा मागून आणतो तेही तांदूळच ना?"

गुरुजी थोडे थांबले. "चरू त्याच तांदळांचा करायचा असतो. पण हल्ली झोळीत लाडूच पडतात, म्हणून वेगळे घेतो."

सुमतीने यादीतली ती ओळ खोडली नाही. तांदूळ मात्र काढून ठेवले नाहीत.

दुसऱ्या दिवशी पहाटे घाणा झाला. नांदीश्राद्धात केशवच्या बापापासून वर तीन पिढ्यांचे स्मरण झाले, ते सुमतीने दाराआडून ऐकले. मातृभोजनाला केशव माईंच्या ताटात जेवला. अष्टवर्गाची आठ मुले शेजारी होती. त्यांच्यापैकी कोणीतरी दही मागितले, तेव्हा सुमतीने दह्याची कासंडी दारातून पुढे सारली.

मग क्षौर, स्नान, मंगलाष्टके, नानांच्या तोंडून गायत्री. गुरुजी म्हणाले, "बटू, भिक्षेला जा." माई मांडवात ताट घेऊन उभ्या होत्या. त्यात लाडू, खारका आणि एक रुपया होता.

"तांदूळ?" गुरुजींनी विचारले.

"कोठीत असतील," म्हणत माईंनी एका मुलीला आत पिटाळले. ती रिकाम्या हाताने परत आली.

"काकू म्हणतात, चरूचे म्हणून वेगळे काढलेले नाहीत. भिक्षेचे आहेत, ताम्हनात."

"मग ताम्हन घेऊन ये."

"काकू म्हणतात, भिक्षा बटूनं येऊन मागायची असते. गुरुजींना विचारा."

सगळ्यांनी गुरुजींकडे पाहिले. गुरुजींनी उपरणे सारखे केले. "मागायची असते, हे खरं," ते म्हणाले.

नाना सुमतीशी थेट बोलत नसत. माईंकडे बघून त्यांनी सुरुवात केली, "तिला म्हणावं, मांडवात..." आणि तिथेच अडले. मांडवात ये असे तिला कोणी म्हणू शकत नव्हते. कालच तिला मांडवाबाहेर बसवले होते.

केशव दंड आणि झोळी सांभाळत ओटीवरून माजघराच्या दाराशी गेला. अर्ध्या लोटलेल्या दारातून दंड आडवा अडकला, म्हणून दार पूर्ण उघडावे लागले.

"ॐ भवति भिक्षां देहि."

सुमतीने तीन ओंजळी तांदूळ घातले. ती मागे वळणार तोच सासूबाई उठल्या. "सर बाजूला. मलाही घालू दे."

त्या संध्याकाळचा चरू त्याच तांदळांचा झाला. नाना काही बोलले नाहीत.

दोन वर्षांनी माईंच्या धाकट्याची मुंज निघाली. यादी माईंनी स्वतः लिहिली. तिच्या तळाशी दोन ओळी होत्या: 'चरूचे तांदूळ वेगळे काढू नयेत. पहिली भिक्षा माजघराच्या दारात. आधी सासूबाई, मग सुमती, मग मी.'

---

पळसदंड:
क्रम बरोबर आहे. मातृभोजन क्षौराच्या आधी, भिक्षा उपदेशानंतर, अनुप्रवचनीय सूर्यास्तानंतर. बऱ्याच कथांत मुलगा गोटा करून आईच्या ताटात जेवायला बसतो, तसे इथे झालेले नाही.

आता तुमचा मुख्य प्रश्न. सुमतीने जागा अचूक निवडली आहे, पण ती का अचूक आहे हे कथेत दिसत नाही. मुंजीत आई तीन निरनिराळ्या नात्यांनी येते आणि लोक त्यांची गल्लत करतात. पाटावर, म्हणजे संकल्प, पुण्याहवाचन, देवक यांत बसणारी बाई ही बटूची आई म्हणून बसत नाही. ती कर्त्याची पत्नी म्हणून त्याच्या उजव्या हाताला बसते. एरवी बाप कर्ता असतो म्हणून दोन्ही एकच. बाप नसेल तर आजोबा, भाऊ, मग जवळचे नातलग अशी अधिकाराची उतरंड लागते. इथे नाना कर्ते झाले, त्यामुळे पाट माईंचाच. सुमती सवाष्ण असती आणि तिचा नवरा परदेशी असता, तरी नाना कर्ते झाल्यावर त्यांच्या शेजारी माईच बसल्या असत्या.

मातृभोजन आणि भिक्षा या दोन जागा मात्र खरोखर आईच्या. त्यांचा कर्त्याशी काही संबंध नाही. माईंना तिथे बसवताना घराने पाटाचा नियम या दोन जागांवर ओढून नेला. तुमच्या कथेतला अन्याय नेमका इथे आहे, दार लोटून घेण्यात नाही.

घाणा, हळद, औक्षण हे तिसरेच प्रकरण. ते सवाष्णींचे लौकिक विधी आहेत. पोथी तिथे काही बोलत नाही, म्हणून पोथीच्या आधाराने तिथे काही बदलताही येत नाही.

शास्त्रजिज्ञासू:
कथा चांगली आहे, पण सुमतीला एवढे आडून जायची गरजच नव्हती. पहिली भिक्षा आईनेच घालायची हे मनुस्मृतीत स्पष्ट आहे. विधवा असो वा सधवा, आईला डावलले तर विधीच अपुरा राहतो. एवढे एक वाक्य गुरुजींनी नानांना सुनावले असते तर काम झाले असते.

पळसदंड:
अर्धे बरोबर. श्लोक दुसऱ्या अध्यायातला आहे:

मातरं वा स्वसारं वा मातुर्वा भगिनीं निजाम् ।
भिक्षेत भिक्षां प्रथमं या चैनं नावमानयेत् ॥

आई, किंवा बहीण, किंवा सख्खी मावशी, किंवा जी बटूला रिकाम्या हाताने परत पाठवणार नाही अशी कोणीही. 'वा' किती वेळा आला आहे ते पाहा. विधवेला मज्जाव यात नाही हे खरेच, पण आईच पाहिजे असेही नाही. नाना थोडे शिकलेले असतील तर शेवटच्या चरणावर बोट ठेवून म्हणतील, "माई नाकारणार नाहीत, मग माईंनीच घालावी." गुरुजी निरुत्तर.

आश्वलायनाचे गृह्यसूत्र ऋग्वेद्यांचे. तिथे तर एवढेच आहे की जो नाकारणार नाही त्याच्याकडे, किंवा जी नाकारणार नाही तिच्याकडे आधी मागावे. आईचे नावही नाही. उलट हिरण्यकेशी सूत्रात 'आधी आईकडेच मागावे' असे सरळ म्हटले आहे. गुहागर पट्ट्यात हिरण्यकेशी घरेही आहेत, म्हणून अनवट_वाट यांना वाटेल की घराचे सूत्र बदलून टाकावे. तसे करू नका. भिक्षेच्या धान्याचा अनुप्रवचनीय चरू ही आश्वलायनांची गोष्ट आहे. तो नसला तर सुमतीच्या हातातले ताम्हन रिकामे होते. एका सूत्रात आईचे नाव मिळते, दुसऱ्यात तांदूळ मिळतात. दोन्ही एकत्र मिळत नाहीत.

अनवट_वाट:
हे फार उपयोगाचे झाले. म्हणजे ऋग्वेदी घरात आईला पोथीचा थेट आधार नाही, आणि म्हणूनच तिला तांदळाची वाट धरावी लागते. मी अजाणता बरोबर सूत्र निवडले.

शालन_वाई:
तुम्ही सगळे तांदूळ मोजत बसलात. कथेत मातृभोजन किती सहज सोडून दिले आहे, त्याकडे कोणाचेच लक्ष नाही. मुंजीनंतर मुलाने आईच्या ताटात जेवायचे नाही, ते शेवटचे एकत्र जेवण, असाच त्याचा अर्थ प्रत्येक घरात सांगतात. ते जेवण माईंनी घेतले आणि सुमतीने दही पुढे सारले. कथा त्याकडे वळूनही बघत नाही. भिक्षा म्हणजे दारात उभे राहून चार क्षण. हा सौदा फार स्वस्तात झाला.

आणि हे "दुष्टावा नव्हता" वाक्य काढा. लेखक माईंची वकिली करतोय असे वाटते.

घटिकापात्र:
शालन, मातृभोजनात तिला कसे शिरता आले असते ते सांगा ना. विधी म्हणून बघा. मातृभोजन पंगतीत होते, मांडवात किंवा ओटीवर. चौरंग, रांगोळी, केळीचे पान किंवा चांदीचे ताट, बाजूला अष्टवर्ग, भोवती सवाष्णी. तिथे जायचे म्हणजे उठून, सगळ्यांच्या देखत, मांडलेल्या पाटावरून माईंना उठवायचे. हे शांतपणे होण्यासारखे नाही. त्यातून भांडणाची कथा होईल. ती वाईट असेलच असे नाही, पण ती दुसरी कथा.

भिक्षेचा घाट उलटा आहे. तिथे देणारी जागेवर असते आणि मागणारा चालत जातो. मांडवात न शिरता जिचा भाग पुरा होतो अशी आईची तेवढी एकच जागा मुंजीत आहे. "माजघरात बैस" हा हुकूम सुमतीने अक्षरशः पाळला आणि मांडवाला माजघरापर्यंत यावे लागले. मला कथेत हेच आवडले.

शालन_वाई:
विधी म्हणून पटले. मग कथेत तिला निदान कळू दे की ती काय सोडते आहे. दह्याच्या वाक्यात ते नाही.

पळसदंड:
मातृभोजनाबद्दल एक भर. आश्वलायन सूत्रात मातृभोजन नाहीच, ते नंतरच्या आचारातून आले. त्यामुळे गुरुजी तिथे सुमतीच्या बाजूने फार बोलू शकले नसते. घरची रीत असे म्हटले की संपले.

पण दुसऱ्या बाजूने एक वाट होती. आई विटाळशी असेल तर मुंज पुढे ढकलतात. मुहूर्तच उरला नसेल तर शांती करून मग मुंज लावतात. धर्मसिंधूसारख्या निबंधग्रंथांत याची चर्चा आहे. आईच्या विटाळाने मुंज अडते, म्हणजे तिच्यावाचून चालत नाही हे शास्त्र एका हाताने मान्य करते. गुरुजींच्या तोंडी हे एक वाक्य घातले तर नानांचे अडणे जास्त खरे वाटेल. आता ते जरा सोयीस्करपणे अडतात.

निवांत_नाशिककर:
माझा प्रश्न थोडा वेगळा, पण विषय हाच. बहिणीच्या मुलाची मुंज पुढच्या महिन्यात आहे. मेहुणे नाहीत. घरात जवळचा पुरुष मीच, म्हणजे मामा. बहिणीला पाटावर बसवायचे आम्ही सगळ्यांनी ठरवले आहे, कोणाचा विरोध नाही. गुरुजींना नेमके काय विचारायचे?

घटिकापात्र:
हा कथेचा धागा आहे, पण विचारलेत ते बरे. "बहीण पाटावर बसली तर चालेल का" असे मोघम विचारू नका. मोघम प्रश्नाला "बघू, करू" असे उत्तर येते आणि ऐन वेळी कोणाची तरी मामी पाटावर बसलेली असते. तीन वेगळे प्रश्न विचारा. कर्ता कोण, म्हणजे संकल्प कोणाच्या तोंडून होणार? मातृभोजनाला बहीणच बसणार हे पक्के ना? पहिली भिक्षा तीच घालणार ना? दुसऱ्या-तिसऱ्याला आज बहुतेक गुरुजी हरकत घेत नाहीत. पहिल्याला काही घेतात. उत्तर यादीवर लिहून घ्या, कारण मुंजीच्या दिवशी मुख्य गुरुजींबरोबर आणखी दोघे येतात आणि त्यांना ठरलेले काही ठाऊक नसते.

पळसदंड:
मामा कर्ता झाला तर नांदीश्राद्ध बटूच्या पितरांचे होते, मामाच्या नाही. तेवढे आधी सांगून ठेवा, नाहीतर पाटावर बसलेल्याच्या बापाचे नाव सवयीने घेतले जाते. आणि बहीण कर्त्याच्या पत्नीच्या जागी बसणार नाही हे ध्यानात घ्या. तिला स्वतः संकल्प करायचा असेल तर तसा प्रयोग चालवणारे पुरोहित बघावे लागतील. पुण्यात ज्ञान प्रबोधिनीचे पुरोहित आहेत, त्यांत स्त्रियाही आहेत आणि तिथे मुलींच्या मुंजीही लागतात. त्यांच्याशी थेट बोला.

निवांत_नाशिककर:
नांदीचे लक्षातच आले नव्हते. तीनही प्रश्न लिहून घेतले.

रानवारा:
हे सगळे जुने झाले. हेरवाडने २०२२मध्ये विधवा प्रथा बंदीचा ठराव केला, सरकारनेही परिपत्रक काढले. आता असल्या आडवळणाच्या कथांची गरज काय?

घटिकापात्र:
कथा १९६२ची आहे. आणि शिरोळ तालुक्यातल्या त्या ठरावाचा भर नवरा वारल्यावेळच्या गोष्टींवर आहे: कुंकू पुसणे, बांगड्या फोडणे, मंगळसूत्र आणि जोडवी काढून घेणे. ४ मेला ठराव झाला आणि १७ मेच्या परिपत्रकाने इतर ग्रामपंचायतींनीही तो कित्ता गिरवावा असे म्हटले. गावाने चव्हाट्यावर बंद करायच्या या गोष्टी, आणि त्या दिसतात म्हणून बंद करता येतात. घरातल्या यादीत कोणाचे नाव कुठल्या ओळीत लिहिले जाते तिथवर ग्रामपंचायत कशी पोचणार? नानांच्या ओटीवर कोणी कोणाला "येऊ नको" म्हटलेलेच नाही. कोठी सांभाळ म्हटले आहे.

माणदेशी:
आमच्याकडे मुंज नसते, म्हणून बराच वेळ वाचत बसलो. लग्नात देवक आणि हळद असते. आई विधवा असली की देवकाला चुलता-चुलती बसतात आणि नवऱ्या मुलाला पहिली हळद चुलती लावते. आई घरात असते, तिला कोणी हाकलत नाही, फक्त बोलावत नाही. पळसदंड म्हणतात तसे लौकिक विधींत पोथी बोलत नसेल, तर सुमतीची युक्ती आमच्यात चालायची नाही. तिथे चरूच नाही. मग त्या आईने कशाच्या आधाराने काय करावे?

पळसदंड:
पोथीचा आधार खरेच नाही. लौकिक विधीत वस्तू कोणाच्या ताब्यात आहे त्याला महत्त्व येते. हळद कोण दळते, देवकाचे साहित्य कोण मांडते, मुंडावळ्या कोणाच्या पेटीत आहेत. पण चरूचे तांदूळ भिक्षेतलेच हवेत हे जसे मांडवात मोठ्याने म्हणता येते, तसे हळदीबद्दल काय म्हणणार? दुसरी हळद दोन मिनिटांत कालवता येते.

शालन_वाई:
माणदेशी, तिथे मला वाटते मुलानेच सांगावे लागते. नवरा मुलगा आठ वर्षांचा नसतो, पंचवीस-अठ्ठावीसचा असतो. "पहिली हळद आईची, नाहीतर लावू नका" एवढे तो म्हणू शकतो. केशवला ते म्हणता येत नव्हते, म्हणून ताम्हन.

माणदेशी:
मुलगा म्हणेल हो. पण अशा वेळी आईच "नको रे, तुझ्या संसाराला काही होईल" म्हणून मागे सरते. सुमतीच्या मनात ती भीती कुठेच दिसत नाही. १९६२ सालच्या बाईला ती नसेल हे मला पटत नाही.

अनवट_वाट:
हा आक्षेप सगळ्यात खोल जाणारा. माझ्याकडे आत्ता उत्तर नाही. कदाचित यादीतली ओळ न खोडता नुसते तांदूळ न काढण्यात ती भीती आहे: शेवटच्या क्षणी माघार घेता यावी, पावशेर मोजून द्यावेत, एवढी फट तिने ठेवली आहे. पण तसे लिहिलेले नाही हे मान्य.

शास्त्रजिज्ञासू:
शेवटाबद्दल कोणी बोलले नाही. माईंच्या मुलाच्या मुंजीत आई म्हणजे माईच, आणि त्या सवाष्ण आहेत. मग आधी सासूबाई, मग सुमती, मग माई हा क्रम कसा? आता आईलाच मागे ढकलले.

पळसदंड:
या वेळी तुमची शंका रास्त आहे. पण 'जी नाकारणार नाही' या कलमात आजी आणि काकू दोघी बसतात, म्हणून ऋग्वेदी घरात हा क्रम चुकीचा ठरत नाही. हिरण्यकेशी घरात चुकीचा ठरला असता. मला शंका वेगळी आहे. माई असे लिहितील का? दोन वर्षांपूर्वी मांडवात सगळ्यांसमोर त्यांचे ताट तसेच हातात राहिले होते.

घटिकापात्र:
म्हणूनच लिहितील. सवाष्ण बाईला आपला नंबर कधी त्या दारामागे लागेल हे माहीत असते. नाना त्यांच्याहून वयाने बरेच मोठे असणार. हा हिशेब आहे, मोठेपणा नाही.

शालन_वाई:
हे कथेत असते तर माझी माईंबद्दलची तक्रार संपली असती. आत्ता ते फक्त तुमच्या प्रतिसादात आहे.

कोठावळे:
वस्तूंबद्दल. तीन ओंजळी तांदूळ चरूला पुरून उरतात. शिजवायला चार मुठी पुरे, आहुतीचा भात थोडाच लागतो. उरलेल्याचे काय झाले ते लिहायला हरकत नाही. पण एक खरी अडचण आहे. झोळीत तांदूळ, लाडू, खारका, सुटे पैसे सगळे एकत्र पडते. लाडवाचे तूप आणि साखर तांदळाला लागली की ते चरूला चालत नाहीत, आणि अंधारात निवडत बसायला कोणाला वेळ नसतो. गुरुजी चरूचे तांदूळ वेगळे मागतात त्याचे खरे कारण बहुतेक हेच. तेव्हा एकतर सुमतीची भिक्षा पहिली पडल्यावर झोळी तिथेच ताम्हनात रिकामी करून घ्यायला हवी, नाहीतर लाडवांसाठी दुसरे ताट मागून कोणीतरी धरायला हवे. सध्याच्या मसुद्यात संध्याकाळी गुरुजी त्या तांदळातून खारका वेचत बसले असते.

आणखी एक. झोळीचे टोक दंडाला बांधायचे की खांद्यावरून सोडायचे यात घराघरांत फरक आहे. दार अडते ते दंडामुळे, म्हणून दंडाची उंची बघा. आठ वर्षांच्या मुलाचा दंड त्याच्या कपाळापर्यंत किंवा शेंडीपर्यंत येतो. तो उभा धरला तर अर्ध्या दारातून सहज जाईल. आडवा अडकायला त्याने तो खांद्यावर टाकलेला हवा.

अनवट_वाट:
झोळी तिथेच रिकामी करून घेणे मला आवडले, कारण मग ताम्हन पुन्हा सुमतीकडेच राहते आणि संध्याकाळपर्यंत चरूचे तांदूळ माजघरात असतात. होमाच्या वेळी ते मागायला कोणाला तरी पुन्हा दाराशी यावे लागेल. बहुतेक नानांनाच, कारण आचार्य तेच आहेत. ते तिच्याशी थेट बोलत नाहीत, तेव्हा तांदूळ मागतील कसे?

कोठावळे:
गुरुजींना पाठवतील. नाहीतर केशवला. ब्रह्मौदन, म्हणजे हाच चरू, शिजवून आचार्याला सांगण्याचे काम मुळात बटूचेच आहे.

पळसदंड:
बटूचे. पण मसुद्यात तुम्ही ते नानांवर टाकून बघा, मग पुढचा भाग इथे टाका.